फोटोतला तंबू

ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट. गणपती आठवड्यावर आले होते, घरात मखराच्या पुठ्ठ्यांचा पसारा, आणि रात्री साडेदहाला फोन टिंगटिंग करायला लागला. पुण्याहून भाचीचे फोटो. एक, दोन, तीन... एकूण सात. पाच तंबूचे, दोन सॅकचे. खाली एकच ओळ : "मामा, हे घेऊ का? उद्या सकाळपर्यंत सांगायचंय."

पाठोपाठ ताईचा फोन. "हे बघ, तिघी मैत्रिणी मनालीला चालल्यात. तिथून पुढे चालत कुठल्याशा कुंडाला. तंबूत राहणार म्हणे. मला त्यातलं काही कळत नाही. तू फोटो बघ. तू हो म्हणालास तर मी पाठवते, नाहीतर नाही."

झालं! म्हणजे परवानगीचं ओझं माझ्या डोक्यावर, तेही सात फोटोंच्या भरवशावर.

कुंड म्हणजे ब्यास कुंड. सोलंग खोऱ्यातून धुंदीला, तिथून बकरथाचला मुक्काम आणि मग वर कुंडापर्यंत. तीन दिवसांचा सोपा म्हणावा असा ट्रेक, बरोबर तिथला एक वाटाड्या. पण मुक्काम सव्वातीन हजार मीटरच्या आसपास, आणि तारखा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या. पाऊस परतीच्या वाटेवर असतो, पण गेला असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. रात्री पारा शून्याच्या जवळ जातो. तिथे भिजलेला माणूस म्हणजे नुसता गारठलेला माणूस नव्हे. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. ते पुढे येईलच.

विकणारा तिच्याच ऑफिसातला एक सीनियर. सभ्य मुलगा. त्याने लिहून पाठवलं होतं : "चार जणांचा तंबू, वॉटरप्रूफ, दोनदाच वापरलेला. सॅक ६० लिटर." पाचशे रुपये आगाऊ देऊनही झाले होते.

पहिला फोटो उघडला आणि मी जरा सावरून बसलो. कारण हा तंबू मी ओळखत होतो. अगदी हाच नव्हे, पण याचा सख्खा भाऊ.

तंबू ओळखायचा म्हणजे लोक आधी कंपनीचं नाव शोधतात. मी ते शेवटी बघतो. नाव छापायला काही लागत नाही, आकार मात्र खोटा सांगता येत नाही. मी आधी बघतो ते बाहेरच्या कापडाची खालची कड. ट्रेकिंगच्या तंबूला बहुतेक वेळा दोन कापडं असतात. आतली खोली आणि तिच्यावर पावसाचं आच्छादन. त्या आच्छादनाला आम्ही फ्लाय म्हणतो. चांगल्या तंबूत हा फ्लाय सगळीकडून जमिनीपासून चार बोटांवर येतो. फोटोत तंबू एकाच रंगाचा, जमिनीपर्यंत सलग दिसतो. स्वस्तातल्या तंबूत फ्लाय म्हणजे डोक्यावर घातलेली टोपी. वरचा तिसरा हिस्सा एका रंगाचा, आणि त्याखाली आतल्या खोलीचं कापड उघडं, बहुधा दुसऱ्या रंगाचं. भाचीने पाठवलेल्या फोटोत वर राखाडी टोपी होती आणि खाली निळ्या भिंती. लांबून, अंधुक फोटोतसुद्धा हे ओळखू येतं.

आता ही टोपी वाईट का? सरळ वरून पडणाऱ्या पावसाला ती पुरते. पण डोंगरावर पाऊस सरळ पडतच नाही. वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि थेट त्या उघड्या निळ्या भिंतीवर आपटतो. शिवाय टोपीच्या खाली हवेसाठी जाळी असते. वाऱ्याने पाणी टोपीखालून वर चढलं की त्या जाळीतून आत तुषार. या भिंतींवर लेप असला तर श्वासाची वाफ आत धरून राहते, आणि नसला तर पाऊस आत येतो. दोन्हीकडून ओलंच.

हे मला कसं माहीत? तर २००६ सालचा ऑगस्ट, हरिश्चंद्रगड.

आम्ही चौघं पाचनईकडून चढलो होतो. शनिवार असल्याने देवळाजवळच्या गुहा भरलेल्या. आमच्याकडे नवाकोरा तंबू होता म्हणून आम्ही उलट खुशीतच होतो. पठारावर तंबू लावला, खिचडी केली, गाणी म्हटली. टोपीवाला तंबू, निळ्या भिंती. रात्री बाराच्या सुमाराला वारा उठला. अर्ध्या तासात वाऱ्याच्या बाजूची भिंत आमच्या अंगावर येऊन टेकली. जिथे अंग टेकलं तिथून पाणी झिरपायला लागलं. मग काडकन आवाज झाला. एक काठी उभी चिरली होती आणि तिचं टोक कापडातून बाहेर आलं होतं. त्यानंतर तो तंबू नव्हताच, एक ओलं चादरीचं गाठोडं होतं आणि आत आम्ही.

भिंतीच्या कडेला झोपलेला मित्र आधी खूप कुडकुडत होता. मग कुडकुडायचा थांबला. आम्हाला वाटलं, बरं वाटतंय. पण तो बोलायला लागला तेव्हा शब्द जड येत होते, दारू प्यायल्यासारखे. बुटाची नाडी बांध म्हटलं तर बोटं नाडी शोधत राहिली. त्याला दोन्ही बाजूंनी धरून आम्ही अंधारात गुहेपर्यंत आणलं. आत झोपलेल्या लोकांनी न बोलता जागा केली, कुणीतरी कोरडा सदरा दिला, कुणी घोंगडी दिली. उजाडेपर्यंत तो नीट बोलायला लागला. सह्याद्रीत, ऑगस्टमध्ये, जेमतेम चौदाशे मीटर उंचीवर! तिथे निदान गुहा तरी होती.

म्हणून त्या निळ्या भिंती बघून मी सावरून बसलो. पण नुसत्या भीतीपोटी नाही म्हणणं बरं नव्हे. मुलीला कारण कळायला हवं. म्हणून बाकीचे फोटोही नीट बघितले.

दुसरी गोष्ट काठ्यांची. या एकतर फायबरग्लासच्या असतात किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या. फोटोत फरक कळतो तो सांध्यांवर. फायबरग्लासच्या तुकड्यांना जोडायला बाहेरून धातूची जाड नळी चढवलेली असते. ऊसाच्या पेरासारखी ती मध्येमध्ये उठून दिसते, आणि तंबू उभा केल्यावर काठीची कमान गोल न दिसता पेरापेरावर किंचित मोडल्यासारखी दिसते. अ‍ॅल्युमिनियमची काठी सडपातळ असते आणि तिची कमान एकसंध, धनुष्यासारखी जाते. तिसऱ्या फोटोत पेरं स्पष्ट होती. फायबरग्लास. ती वाकते तोवर छान वाकते, पण वारंवार झटके बसले की उभी चिरते, आणि डोंगरावर चिरलेली काठी सांधणं कठीण. अ‍ॅल्युमिनियमची वाकडी होते, पण तिच्यावर नळी चढवून रात्र काढता येते.

तिसरी गोष्ट, ताणाच्या दोऱ्या. या दोऱ्या फ्लायच्या मध्यावरून, जमिनीपासून हातभर उंचीवरून निघायला हव्यात, म्हणजे वाऱ्याने भिंत आत दबत नाही. भाचीच्या फोटोत चारच दोऱ्या होत्या, त्याही टोपीच्या कोपऱ्यांना. मधल्या भिंतीला धरणारं काहीच नाही. हरिश्चंद्रगडावर आमच्या अंगावर आली होती ती हीच भिंत.

आता माणसं किती मावणार? इथे मला त्या मुलाचे मनापासून आभार मानावेसे वाटले, कारण एक फोटो त्याने घरातल्या हॉलमध्ये तंबू लावून काढला होता. आणि आपल्याकडच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये काय असतं? फरशा! हल्लीच्या बांधकामात बहुतेक ठिकाणी दोन फूट बाय दोन फुटाच्या. म्हणजे जमिनीवर आयता आखलेला आलेखकागद. फोटोत लांबी मोजायला गेलं की फसायला होतं, कारण जवळची वस्तू मोठी दिसते आणि लांबची लहान. पण फरशी मोजली तर ती अडचण उरत नाही. तंबूची मागची कड लहान दिसते तशी तिथली फरशीही लहान दिसते, आकडा तोच राहतो.

फरशी खरंच दोन फुटांची आहे ना, हेही पडताळून घ्यावं लागतं. शेजारी बेडरूमचं दार दिसत होतं. असं दार साधारण तीन फूट रुंद असतं, आणि त्याच्यापुढे दीड फरशी बसत होती. जमलं. आता तंबूची पुढची कड साडेतीन फरशा, बाजूची कडही साडेतीन. म्हणजे सात फूट बाय सात फूट.

यात चार जण? झोपायची साधी चटई वीस इंच रुंद असते. सात फूट म्हणजे चौऱ्याऐंशी इंच. चार चटया म्हणजे ऐंशी इंच. कंपनी खोटं बोलत नाही, चार जण मावतात. पण चार पुतळे मावतात, माणसं नव्हे. कुशीवर वळायचं, रात्री उठून बाहेर जायचं, सॅक कुठे ठेवायची, याचा हिशोब त्यात नसतो. माणशी दोन फूट धरले की तिघींचे सहा फूट झाले. उरला एक फूट, आणि तीन सॅक. टोपीवाल्या तंबूला दारापुढे पडवी नसते, त्यामुळे सॅक एकतर आत घ्या किंवा पावसात ठेवा. म्हणून आमचा जुना नियम आहे : तंबूवर लिहिलेल्या आकड्यातून एक वजा करा, आणि पडवी नसेल तर दोन. या हिशोबाने हा तंबू दोघींचा.

लांबीचंही तसंच. तिघींतली एक पाच फूट आठ इंच आहे. सात फुटात ती आरामात मावायला हवी. पण घुमटाकार तंबूची भिंत जमिनीपासूनच आत कलते. झोपलेल्या माणसाचं डोकं आणि पाय जमिनीला नव्हे, त्या कलत्या भिंतीला टेकतात. दोन्हीकडे अर्धा अर्धा फूट सोडला तर उरतात सहा. जेमतेम. थंडीत आतल्या भिंतीवर वाफेचं पाणी साठतं आणि स्लीपिंग बॅगचं टोक त्याला लागून पहाटेपर्यंत ओलं होतं.

मी तिला लिहिलं, "अजून तीन फोटो हवेत. फ्लाय उलटा करून शिवणीचा जवळून. आतून जमिनीच्या कोपऱ्याचा. आणि दाराजवळ आत शिवलेल्या लेबलचा." बिचारीने रात्री अकराला त्या मुलाला उठवलं असावं. साडेअकराला फोटो आले.

शिवण अशी बघायची. सुई जिथून जाते तिथे भोक पडतं, आणि कापड कितीही चांगलं असलं तरी भोकातून पाणी येतं. म्हणून आतल्या बाजूने शिवणीवर एक पारदर्शक पट्टी गरम करून चिकटवतात. ती फोटोत बोटभर रुंद, काचेसारखी चकाकणारी रेघ दिसते आणि दोरा तिच्याखाली दबलेला असतो. इथे दोरा उघडा होता. पट्टी नाही.

जमिनीचा कोपरा : चांगल्या तंबूत जमिनीचं जाड कापड परातीच्या कडेसारखं वितभर वर चढतं आणि मग भिंतीला शिवलेलं असतं. म्हणजे खालून पाणी वाहिलं तरी शिवण पाण्याच्या वर राहते. इथे शिवण अगदी जमिनीलगत होती.

आणि लेबल. त्यावर होतं : पॉलिएस्टर, ८०० मिमी. हा आकडा पुष्कळांना कोड्यात टाकतो. त्याचा अर्थ साधा आहे. कापडावर उभी नळी ठेवून तिच्यात पाणी भरत गेलं, तर ८०० मिलिमीटर उंचीपर्यंत कापड तग धरतं, त्यानंतर पलीकडे थेंब दिसायला लागतात. फ्लायला निदान १५०० असावेत असं सर्वसाधारणपणे मानतात. जमिनीला त्याहून बरेच जास्त, कारण ओल्या जमिनीवर आपण गुडघा टेकतो तेव्हा तेवढ्याशा जागेवर सगळा भार येतो आणि पाणी खालून वर दाबलं जातं. अर्थात आकडा नव्या कापडाचा असतो. आणि शिवणीवर पट्टी नसेल तर तीन हजार लिहिलेला तंबूही गळतो. म्हणून मी आधी शिवण बघतो, मग आकडा.

तर तंबूचं उत्तर "नाही". पण एक गोष्ट तिला आवर्जून लिहिली. तो मुलगा फसवत नव्हता. त्याने तंबू दोनदा वापरला होता, दोन्ही वेळा डिसेंबरात पवना धरणाच्या काठी. तिथे हा तंबू उत्तमच आहे, हवा खेळती, लावायला पाच मिनिटं. त्याचा तंबू खराब नव्हता, त्याच्या तंबूने पाऊस पाहिला नव्हता एवढंच.

आता सॅक. हिच्यावर एका नामवंत कंपनीचं नाव भरलं होतं आणि खाली ६० हा आकडा. सॅकच्या नावातला आकडा बहुधा लिटरचा असतो. ५०+१० असं लिहिलं असेल तर दहा लिटर वरची कापडी गळपट्टी ताणून मिळतात. पण फोटो मोठा करून बघितलं तर बकलांवर काही नाव नव्हतं आणि चेनच्या मुठीही कोऱ्या. चांगल्या कंपन्या बकल आणि चेन सहसा नावाजलेल्या कारखान्यांकडून घेतात आणि त्यांची नावं त्यावर उठवलेली असतात, चेनवर वायकेके हे तर सगळ्यांच्या पाहण्यातलं. कोरी बकलं हा काही पक्का पुरावा नव्हे, पण नाव बाजूला ठेवून माल बघावा इतपत शंका घ्यायला पुरेशी आहेत.

मग आकार. तिला सांगितलं, सॅकमध्ये उशा कोंबून फुगव, शेजारी छपाईचा ए-फोर कागद उभा चिकटव, आणि आठ-दहा फूट मागे जाऊन फोटो काढ. हा कागद जगात कुठेही २९.७ सेंटिमीटर लांब असतो, त्याच्याएवढी प्रामाणिक पट्टी नाही. मागे जायचं कारण असं, की मोबाईल जवळून धरला तर पुढे आलेला भाग फुगलेला दिसतो. समोरून एक आणि बाजूने एक असे फोटो आले. उंची दोन कागदांहून थोडी जास्त, ६२ सेंटिमीटर. रुंदी ३२, खोली २४. गुणाकार केला की ४७,६१६ घन सेंटिमीटर, म्हणजे साडेसत्तेचाळीस लिटर. पण सॅक काही खोका नसते, वर आणि खाली निमुळती होते, कोपरे गोल असतात. पंधरा टक्के काढून टाकले की राहिले चाळीस. झाकणाचा खिसा आणि बाजूचे खिसे मिळून पाच. मी निकाल दिला, "पंचेचाळीस."

भाची आईवर गेलेली, असं ऐकून थोडंच घेणार! दुसऱ्या दिवशी ती सॅक घरी घेऊन आली. ताईकडे गणपतीच्या भडंगासाठी चुरमुऱ्यांचं हे एवढं पोतं येऊन पडलं होतं. सॅकमध्ये स्वच्छ प्लास्टिकची पिशवी घातली आणि पंधरा लिटरच्या बादलीने चुरमुरे मोजून ओतायला सुरुवात केली. (कंपन्याही असंच करतात, फक्त चुरमुऱ्यांऐवजी प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या घेतात.) दोन बादल्या गेल्या, तिसरी ओतता ओतता सॅक काठोकाठ भरली आणि बादलीत तीन लिटरभर उरले. म्हणजे बेचाळीस. खिशांचे पाच. "सत्तेचाळीस! मामा, दोन लिटरने चुकलास." फोन स्पीकरवर होता, मागून ताई ओरडत होती, "ते चुरमुरे परत पोत्यात घाल आधी!"

साठ नाही तर नाही. पण सत्तेचाळीस लिटर त्या ट्रेकला वाईट नव्हते. तीन दिवसांचे कपडे, स्लीपिंग बॅग आणि तंबूचा तिसरा हिस्सा त्यात बसतो. खरा प्रश्न कंबरपट्ट्याचा होता. सॅकचं वजन खांद्यांनी नव्हे, कमरेच्या हाडांनी उचलायचं असतं. फोटोत पट्टा नुसती पाऊण इंची पट्टी असेल तर तो फक्त सॅक हलू नये म्हणून आहे, वजन घ्यायला नाही. इथे पट्टा तळहाताएवढा रुंद होता, आत दोन बोटं जाड गादी, आणि ती गादी पाठीच्या चौकटीला नीट जोडलेली दिसत होती. सॅकला मी "हो" म्हणालो, साठ लिटरचे पैसे न देण्याच्या अटीवर, आणि एक जादा बकल बरोबर घ्यायला सांगून. पावसासाठी वरचं कव्हर होतं, पण कव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि सॅक यांच्यामधून आत जातं. तेव्हा आतली प्लास्टिकची जाड पिशवी हवीच. चुरमुऱ्यांची पिशवी तिथेच राहू दे म्हटलं.

तंबू मग भाड्याने घ्यायचं ठरलं. पुण्यातल्या एका ठिकाणाहून फोटो आले आणि मला बरं वाटलं. फ्लाय जमिनीपर्यंत, दोन्ही बाजूंना पडव्या, अ‍ॅल्युमिनियमच्या काठ्या, शिवणींवर चकाकती पट्टी, परातीसारखी जमीन, भिंतीच्या मध्यावरून दोऱ्या. लेबलवर तीन जण. मी लगेच लिहिलं, "हाच. डोळे मिटून घे."

आणि इथे मी चुकलो, दोन लिटरने नव्हे, चांगलाच.

सुदैवाने तिने डोळे मिटले नाहीत. घरी आणून गच्चीवर उघडला तेव्हा तिचा फोन आला. "मामा, हा चिकट लागतोय. आणि वास येतोय, आंबूस, उलटीसारखा." मी डोक्याला हात लावला. कापडावरचा पाणी अडवणारा लेप पॉलियुरेथेनचा असतो. तंबू ओला किंवा दमट असतानाच गुंडाळून ठेवला की महिन्यामहिन्यांनी हवेतल्या ओलाव्याने तो लेप कुजत जातो. आधी चिकट होतो, मग वास मारतो, शेवटी कोंड्यासारखा सुटतो. कोंडा सुटायला लागला की फोटोत पांढुरके चट्टे दिसतात. पण चिकटपणाच्या पायरीवर फोटोत काही म्हणता काही दिसत नाही, उलट कापड नव्यासारखं चकाकतं. मला जी चकाकी आवडली होती तिच्यात थोडा वाटा या कुजण्याचाही असणार.

मी तिला फ्लाय ताणून मध्यभागी तांब्याभर पाणी ओतायला आणि दहा मिनिटं थांबायला सांगितलं. चौथ्याच मिनिटाला खालून हात ओला झाला. तंबू परत गेला. दुकानदाराने कुरकुर न करता दुसरा दिला. तोही तिने तिथेच उघडून हाताने चाचपला, नाक लावून वास घेतला, शिवणीवर पाणी ओतून पाहिलं आणि मग आणला.

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. ताईने मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. गच्चीवर तंबू उघडायचं त्या मुलीला सुचलं नसतं तर तो थेट बकरथाचला उघडला असता. अठरा वर्षांपूर्वीची ती बुटाची नाडी डोळ्यांपुढून हलेना.

तेव्हापासून स्वतःपुरतं एक ठरवून टाकलं आहे. फोटो "नाही" म्हणू शकतो. टोपी, पेरं, उघडा दोरा यांपैकी एकही दिसलं तरी पुरे, तो तंबू पावसाचा नाही. पण फोटो "हो" कधीच म्हणू शकत नाही. सगळं बरोबर दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच, की आता हात लावून, वास घेऊन, पाणी ओतून बघायला हरकत नाही. आता कुणी फोटो पाठवला की मी "घे" असं लिहीत नाही. "बघून ये" असं लिहितो.

मुली गेल्या. बकरथाचला दुसऱ्या रात्री पाऊस झाला, पहाटेपर्यंत. सकाळी खाली रेंजमध्ये आल्यावर फोटो आला. मागे धुकं, पुढे ओलं गवत, आणि तिघी पडवीत बसून चहा पितायत. ताईने तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला, आणि मुली किती गोड दिसतायत असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

मी मात्र आधी फ्लायची खालची कड बघितली. जमिनीपासून चार बोटं. मग भिंत, ताठ. मग मुलींचे बाह्या ओढून घेतलेले हात, कपावर घट्ट धरलेले. कोरडे.

मग चेहरे बघितले.